सॉल्व्हंटमधलं पीपीएम लेव्हलचं पाणी: कुलोमेट्रिक केएफ टेस्ट नीट कशी करायची आणि रिपोर्टमध्ये काय लिहायचं

आपल्याकडं बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यातल्या क्यूसी लॅबमध्ये मिरगाचा पाऊस सुरू झाला की एक तक्रार हमखास सुरू होते, सप्लायरच्या सर्टिफिकेटवर पाणी साठ पीपीएम आणि आपल्या मशीनवर शंभरच्या वर, मग फोनाफोनी, मग बॅच होल्डवर, आणि तीच बाटली परत लावली की तिसराच आकडा. बहुतेक वेळा मशीन बरोबर असतंय. त्यात गेलेलं पाणी ते इमानदारीनं मोजतंय, फक्त ते पाणी सगळं सॉल्व्हंटमधलं नसतंय, थोडं सिरिंजमधलं असतं, थोडं बाटलीतल्या हवेतलं, थोडं सेलच्या झाकणावरचं.

म्हणून या लेखात मशीनची बटणं कमी आणि इंजेक्शनच्या आधी काय करायचं ते जास्त आहे. उदाहरण म्हणून टोल्यूईन घेतलंय, लिमिट जास्तीत जास्त १०० पीपीएम धरलंय, आणि शेवटी पूर्ण हिशोब करून रिपोर्टपर्यंत जाऊया.

## आधी ठरवा: ब्युरेटवालं केएफ की कुलोमेट्रिक

केएफ म्हणजे कार्ल फिशर टेस्ट, तिच्या रिएजंटमध्ये आयोडिन, सल्फर डायऑक्साइड, एक बेस आणि अल्कोहोल असतं, आणि पाण्याच्या एका रेणूला आयोडिनचा एक रेणू खर्च होतो. व्हॉल्युमेट्रिकमध्ये ते आयोडिन ब्युरेटमधून येतं, कुलोमेट्रिकमध्ये सेलमधल्या आयोडाइडपासून करंट देऊन तिथल्या तिथं तयार होतं आणि किती करंट किती वेळ गेला त्यावरून मशीन पाणी काढतं. १ मिलिग्रॅम पाण्याला १०.७१ कुलोम.

आता हिशोब बघा. २ ग्रॅम टोल्यूईनमध्ये ९४ पीपीएम पाणी म्हणजे १८८ मायक्रोग्रॅम. तुमच्याकडं नेहमीचा ५ मिलिग्रॅम प्रति मिली फॅक्टरचा रिएजंट असेल तर ब्युरेटमधून पडणार जेमतेम ०.०४ मिली, एका थेंबाएवढं. एवढ्याशा रीडिंगवर पास-फेल ठरवणं चुकीचं आहे, तरी अनेक ठिकाणी हेच चाललंय, कारण व्हॉल्युमेट्रिक मशीन आधीपासून आहे. काही शे पीपीएमच्या खालचं लिमिट असेल तर कुलोमेट्रिकच वापरा. दुसरा इलाज नसेल तर निदान १ मिलिग्रॅम फॅक्टरचा रिएजंट घ्या आणि सँपल वाढवा.

चेक: तुमचं लिमिट गुणिले तुमचं सँपल वजन, किती मायक्रोग्रॅम होतात? कुलोमीटरवर १०० ते काही हजार मायक्रोग्रॅममध्ये बसवा. ५० च्या खाली गेलात की ड्रिफ्टची, म्हणजे सेलमध्ये आपोआप शिरणाऱ्या पाण्याची, चूकच मोठी होते.

## पायरी १: ड्रममधून सँपल काढणं

टोल्यूईन पाणी फारसं धरत नाही, २५ डिग्रीला साधारण ५०० पीपीएमच्या आसपास ते भरतं, त्यावरचं पाणी वेगळं होऊन तळाला बसतं कारण पाणी जड. तेव्हा वरून पंपानं काढलेलं सँपल आणि तळाचं सँपल यात फरक पडू शकतो. ड्रम बाहेर पावसात उभा असेल, झाकणावर पाणी साचलं असेल तर आधी कोरड्या फडक्यानं झाकण आणि बुचाभोवतीची जागा पुसून घ्या, मगच बुच फिरवा. साठलेलं ते चमचाभर पाणी आत गेलं की त्या ड्रमच्या टेस्टला काही अर्थ राहत नाही.

बाटली काचेचीच. प्लॅस्टिकची बाटली टोल्यूईनला चालत नाहीच, आणि साध्या पॉलिथिनमधून ओलावासुद्धा आत येतो. काचेची बाटली १०५ ते ११० डिग्रीच्या ओव्हनमध्ये सुकवायची, डेसिकेटरमध्ये गार करायची आणि बाहेर काढल्याबरोबर झाकण लावायचं. गरम बाटली तशीच टेबलावर गार केली तर गार होताना ती बाहेरची दमट हवा आत ओढते आणि ओव्हनमध्ये घालवलेला वेळ फुकट जातो. झाकण सेप्टमचं असेल तर उत्तम.

सँपल घेताना बाटली आधी त्याच सॉल्व्हंटनं दोनदा खळबळून ओता, मग जवळजवळ गळ्यापर्यंत भरा. अर्धी बाटली भरायची सवय सोडाच. वरची रिकामी जागा म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे पाणी, किती ते पुढं सांगतो.

सावधान: सकाळी काढलेलं सँपल संध्याकाळच्या शिफ्टला लावू नका. लावावंच लागलं तर रिपोर्टमध्ये सँपल काढल्याची वेळ आणि टेस्टची वेळ दोन्ही लिहा.

## पायरी २: सिरिंज, आणि एक मिली हवेचा हिशोब

हाच सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, म्हणून जरा सविस्तर.

पावसाळ्यात लॅबमध्ये २४ डिग्री आणि ९० टक्के ह्युमिडिटी असेल तर १ मिली हवेत साधारण २० मायक्रोग्रॅम पाणी असतं. आता समजा तुम्ही सँपल ओढताना सिरिंजमध्ये १ मिलीचा बुडबुडा राहिला आणि तो सँपलबरोबर सेलमध्ये गेला. १.७५ ग्रॅम सँपलमध्ये २० मायक्रोग्रॅम म्हणजे ११ पीपीएमच्या वर. खरं रिझल्ट ९४ असलेलं मटेरियल सरळ १०५ दाखवणार आणि १०० च्या लिमिटला फेल होणार. हवा कोरडी असते त्या महिन्यांत हीच चूक कमी दिसते, म्हणून लोकांना वाटतं पावसाळ्यात मशीन बिघडतंय.

तर असं करा:

१. २ किंवा ५ मिलीची काचेची गॅस-टाइट सिरिंज घ्या, लांब सुईची. धुतलेली सिरिंज कोरडी पाहिजे, शेवटचं धुणं कोरड्या मेथॅनॉलनं करून हलक्या गरम ओव्हनमध्ये सुकवून डेसिकेटरमध्ये ठेवलेली. टेफ्लॉनच्या प्लंजरला जास्त उष्णता देऊ नका, नाही तर तो आकसून पुढं लीक होतो.

२. सेप्टममधून सुई घाला, थोडं सँपल ओढा, प्लंजर मागेपुढे करून आतली भिंत भिजवा, आणि हे वेस्टच्या बाटलीत टाका. परत बाटलीत सोडू नका. असं दोन-तीन वेळा. सिरिंजच्या काचेवर चिकटलेला ओलावा यातच निघून जातो.

३. बाटलीतून सँपल ओढलं की तेवढी जागा कशानं तरी भरणार. दुसरी सुई नुसती उघडी खोचून ठेवली तर लॅबची हवा आत येते, म्हणून त्या सुईला मॉलिक्युलर सीव्ह भरलेली छोटी ट्यूब लावा किंवा कोरडा नायट्रोजन द्या.

४. सिरिंज उभी धरून, सुई वर करून बुडबुडे बाहेर काढा, सुई टिश्यूनं पुसा, आणि सुईच्या टोकाला सेप्टमचा छोटा रबरी तुकडा खोचा. वजन करेपर्यंत टोक बंद राहतं, बाष्प उडत नाही.

चेक: भरलेली सिरिंज बॅलन्सवर ठेवली आणि चौथं दशांश सारखं खाली घसरतंय का? मग कुठंतरी टोल्यूईन उडतंय. टोक बंद नाही किंवा प्लंजर सैल आहे. ते सुधारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

## पायरी ३: सेल भरणं आणि घट्ट करणं

ट्रेस लेव्हलला डायफ्रामवाली जनरेटर सेल बरी, डायफ्राम नसलेली साफ करायला सोपी असते आणि रोजच्या बऱ्याचशा कामाला पुरते. डायफ्रामवाली असेल तर मोठ्या भांड्यात अ‍ॅनोलाइट साधारण १०० मिली, आतल्या जनरेटरमध्ये कॅथोलाइट ५ मिली. कॅथोलाइटची पातळी अ‍ॅनोलाइटपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवा. उलटं झालं तर कॅथोलाइट, ज्यात ओलावा असतो, डायफ्राममधून अ‍ॅनोलाइटमध्ये झिरपत राहतो आणि ड्रिफ्ट काही केल्या खाली येत नाही. नवीन माणसं बहुतेक इथंच अडकतात आणि रिएजंटला दोष देतात.

ड्राइंग ट्यूबमध्ये मॉलिक्युलर सीव्ह भरा. निळी सिलिका जेल बऱ्याच लॅबमध्ये दिसते, पण ती हवा सीव्हइतकी कोरडी करत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात ती पटकन गुलाबी होते. सीव्ह आधी २५०-३०० डिग्रीला रात्रभर तापवून डेसिकेटरमध्ये गार केलेला वापरा. जून ते सप्टेंबर ट्यूबमधला सीव्ह एरवीपेक्षा लवकर बदला, तारीख ट्यूबवरच लिहून ठेवा.

सेप्टम बघा. बोटांनी दाबल्यावर जुनी भोकं उघडी दिसत असतील तर बदला, तो सगळ्यात स्वस्त पार्ट आहे आणि सगळ्यात जास्त त्रास तोच देतो. काचेच्या जॉइंटला ग्रीस किंवा टेफ्लॉन स्लीव्ह लावा. एसीचा झोत थेट सेलवर येत असेल तर दिशा बदला. स्टिरर इतका ठेवा की भोवरा दिसेल पण बुडबुडे होणार नाहीत.

सावधान: रिएजंटमध्ये आयोडाइड, सल्फर डायऑक्साइड, इमिडाझोल आणि मेथॅनॉल असतं. ग्लोव्हज, चष्मा, आणि भरणं-ओतणं फ्यूम हूडखाली. टोल्यूईनमिश्रित वेस्ट सिंकमध्ये नाही, सॉल्व्हंट वेस्टच्या कॅनमध्ये.

## पायरी ४: ड्रिफ्ट खाली येऊ देणं

ड्रिफ्ट म्हणजे सँपल न टाकतासुद्धा सेलमध्ये दर मिनिटाला किती पाणी येतंय. मशीन सुरू करा, कंडिशनिंगला लावा. थोड्या वेळानं सेल स्टँडवरून हलकेच उचलून तिरपी फिरवा म्हणजे भिंतीवर आणि झाकणाखाली बसलेला ओलावा द्रावणात मिसळेल, ड्रिफ्ट एकदम वाढेल आणि मग पहिल्यापेक्षा खाली जाईल. हे एक-दोनदा करा. जे हे करत नाहीत त्यांच्या पहिल्या दोन-तीन इंजेक्शनमध्ये भिंतीवरचं पाणी सँपलच्या नावावर जमा होतंय.

२० मायक्रोग्रॅम प्रति मिनिटाच्या वर असताना काम सुरू करू नये. ट्रेससाठी १० च्या खाली आणि स्थिर पाहिजे. स्थिर हा शब्द जास्त महत्त्वाचा. ८ वर ठाम असलेला ड्रिफ्ट ४ ते ९ मध्ये नाचणाऱ्या ड्रिफ्टपेक्षा चांगला, कारण मशीन तोच आकडा धरून वजा करणार.

चेक: अ‍ॅनोलाइटचा रंग फिकट पिवळा पाहिजे. गडद तपकिरी झाला तर आयोडिन जास्त झालंय, म्हणजे इंडिकेटर इलेक्ट्रोडला एंड पॉइंट कळत नाहीये. प्लॅटिनमच्या दोन तारांवर थर बसलाय का, केबल नीट बसलीय का ते बघा. इथं रिएजंट बदलून काही होणार नाही.

## पायरी ५: स्टँडर्ड लावा, सँपलच्या आधी

कुलोमेट्रीला फॅक्टर काढावा लागत नाही, त्यावरून लोक म्हणतात स्टँडर्डची गरज नाही. चूक आहे. फॅक्टर नको हे खरं, पण सेल, सिरिंज, बॅलन्स आणि तुमचा हात हे सगळं बरोबर चाललंय का हे स्टँडर्डशिवाय कळणार कसं?

आपलं सँपल १०० पीपीएमच्या आसपासचं, म्हणून ०.१ मिलिग्रॅम प्रति ग्रॅमचा अँप्युल स्टँडर्ड घ्या. १० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमचा स्टँडर्ड सुंदर रिकव्हरी देतो पण ट्रेस लेव्हलची चूक झाकून टाकतो, शंभरपट पाण्यात २० मायक्रोग्रॅम कुठं दिसणार.

अँप्युल फोडली की लगेच सिरिंजमध्ये ओढा, बीकरमध्ये ओतून मग ओढणं बंद करा. थोड्या द्रवानं सिरिंज खळबळा, ते टाकून द्या, मग उरलेलं भरून वजन करून इंजेक्ट करा. सर्टिफिकेटवरचा त्या लॉटचा आकडा घ्या, लेबलवरचा गोल आकडा नाही. उदाहरण: सर्टिफिकेट १०१ पीपीएम, टाकलेलं वजन १.२१४० ग्रॅम, म्हणजे अपेक्षित १२२.६ मायक्रोग्रॅम. मशीननं ड्रिफ्ट वजा करून दिले १२०.९. रिकव्हरी ९८.६ टक्के. १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास ९० ते ११० टक्के ही मर्यादा सर्रास वापरतात, १००० मायक्रोग्रॅमला ती ९७.५ ते १०२.५ होते. तुमच्या एसओपीत जे लिहिलंय ते पाळा, पण कोणत्या लेव्हलला कोणती मर्यादा हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

रिकव्हरी सतत १०० च्या वरच येत असेल तर बाहेरचा ओलावा आत जातोय. ती खाली येत असेल तर सिरिंजमधून थेंब वाया जातोय किंवा वजनात गडबड आहे.

## पायरी ६: सँपलचं इंजेक्शन

क्रम असा, आणि हा क्रम बदलू नका:

१. भरलेली, टोक बंद केलेली सिरिंज बॅलन्सवर ठेवा, वजन नोंदवा.

२. मशीनवर स्टार्ट दाबा, टोकाचा रबर काढा, सेप्टममधून सुई घाला.

३. टोक द्रवाच्या वर ठेवा, भिंतीला लागू देऊ नका, एका दमात सँपल सोडा. पण सिरिंज पूर्ण रिकामी करू नका, थोडं आत राहू द्या म्हणजे शेवटचा बुडबुडा आत जाणार नाही.

४. सुई बाहेर काढायच्या आधी प्लंजर किंचित मागे ओढा. टोकाला लटकणारा थेंब आत येतो. नाही तर तो थेंब सेप्टमवर पुसला जातो, वजनात मोजला जातो पण टायट्रेशनमध्ये येत नाही, आणि रिझल्ट कमी येतो.

५. तोच रबराचा तुकडा परत लावा आणि वजन घ्या. दोन वजनांचा फरक म्हणजे सँपल. रबर पहिल्या वजनाला होता आणि दुसऱ्याला विसरला तर त्याचं अख्खं वजन सँपलमध्ये जमा होतं, ही चूक रोज होते आणि कॅल्क्युलेशन बघून सापडत नाही.

मिलीवरून डेन्सिटी लावून वजन काढायची पद्धत मी सुचवणार नाही. सिरिंजवरच्या रेघा आणि बुडबुडे दोन्ही त्यात चूक घालतात.

चेक: टायट्रेशन संपल्यावर ड्रिफ्ट परत आधीच्या आकड्याला येतोय का? हा या सगळ्या टेस्टमधला सगळ्यात कामाचा चेक आहे. आधी ६ होता आणि संपल्यावर पण ६-७, म्हणजे ठीक. आधी ६ आणि नंतर २० वर जाऊन तिथंच बसला, तर सँपल रिएजंटबरोबर दुसरीच रिअ‍ॅक्शन करतंय.

अ‍ॅसिटोनला हे नक्की होणार. अ‍ॅसिटोन मेथॅनॉलबरोबर केटल बनवतं आणि त्यात पाणी सुटतं, मशीन ते पाणी मोजत राहतं, टायट्रेशन संपतच नाही आणि आकडा चढत जातो. किटोनसाठी मेथॅनॉल नसलेला वेगळा रिएजंट मिळतो, तोच वापरा, आणि तो भरायच्या आधी सेलमधला जुना मेथॅनॉलवाला पूर्ण काढा. अल्डिहाइडला उलटी अडचण पण येते, ती सल्फर डायऑक्साइड आणि पाणी दोन्ही खाऊन बसते आणि रिझल्ट कमी येतो. जुन्या टीएचएफमध्ये पेरॉक्साइड असेल तर तो आयोडाइडपासून फुकटचं आयोडिन बनवतो, तेव्हा पण रिझल्ट कमी. टोल्यूईनला यातलं काही नाही, म्हणूनच शिकायला ते चांगलं.

टोल्यूईनची अडचण वेगळी, ते साठत जातं. शंभर मिली अ‍ॅनोलाइटची पाणी धरायची ताकद संपायच्या कितीतरी आधी भांडं टोल्यूईननं भरतं. द्रावण गढूळ दिसलं, दोन थर दिसले किंवा टायट्रेशनला उगाच वेळ लागायला लागला की ओतून नवीन भरा. रिएजंटचं काउंटर अजून शिल्लक दाखवतंय म्हणून चालवत बसू नका.

## पायरी ७: रिझल्ट खरं आहे का, हे दोन वजनांवर तपासा

समजा सप्लायर ६० म्हणतोय आणि तुम्हाला शंभरच्या आसपास मिळतंय. भांडायच्या आधी हे करा, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. तेच सँपल एकदा साधारण १ ग्रॅम आणि एकदा साधारण ३ ग्रॅम लावा.

पाणी खरंच सॉल्व्हंटमध्ये असेल तर पीपीएम दोन्हीकडे सारखं येणार. पण सिरिंज, हवा किंवा सेप्टममधून दर इंजेक्शनला ठरावीक पाणी घुसत असेल तर कमी वजनाला पीपीएम जास्त दिसणार, कारण तेवढंच चोरटं पाणी कमी ग्रॅममध्ये वाटलं जातं. उदाहरण, १ ग्रॅमला १०५ आणि ३ ग्रॅमला ९७ आलं. फरक ८. हा फरक म्हणजे चोरट्या पाण्याचा दोन तृतीयांश भाग, म्हणून चोरटं पाणी १२ मायक्रोग्रॅम, आणि खरा आकडा १०५ वजा १२ म्हणजे ९३.

हा ९३ रिपोर्टमध्ये घालायचा नाही. याचा अर्थ एवढाच की इंजेक्शनमध्ये चूक आहे, पायरी २ ला परत जा, सुधारा, आणि मग नवीन रीडिंग घ्या.

## पायरी ८: पूर्ण हिशोब

सिरिंज सुधारून घेतल्यावर त्याच टोल्यूईनची तीन रीडिंग. ड्रिफ्ट ६ मायक्रोग्रॅम प्रति मिनिट, स्थिर. मशीनवर ऑटो ड्रिफ्ट करेक्शन बंद ठेवलंय, म्हणजे हिशोब दिसेल.

```
पाणी (पीपीएम) = (एकूण मायक्रोग्रॅम − ड्रिफ्ट × मिनिटं) ÷ सँपल ग्रॅम

रीडिंग १: (१७१.६ − ६ × १.५) ÷ १.७३४८ = ९३.७
रीडिंग २: (१७९.२ − ६ × १.६) ÷ १.८१२६ = ९३.६
रीडिंग ३: (१७५.३ − ६ × १.५) ÷ १.७५८३ = ९४.६
सरासरी = ९४.०
```

ड्रिफ्ट वजा न करता पहिलं रीडिंग काढलं असतं तर ९८.९ आलं असतं. पाच पीपीएमचा फरक, आणि लिमिट १०० असताना तो फरक बॅचचं नशीब ठरवतो. याची उलटी चूक पण तितकीच चालते, मशीन ऑटोमध्ये ड्रिफ्ट वजा करून देतंय आणि केमिस्ट एक्सेलमध्ये परत एकदा वजा करतोय, त्यामुळं आकडा खोटा कमी येतो. मेथडच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघून घ्या आणि वर्कशीटवर लिहून ठेवा.

युनिटच्या दोन चुका पण इथंच होतात. ९४ पीपीएम म्हणजे ०.००९४ टक्के, ०.०९४ नाही. आणि हे पीपीएम वजनावर आहे, मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. टोल्यूईनची डेन्सिटी ०.८६७ आहे, त्यामुळं हेच पाणी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये साधारण ८१ होतं. सप्लायरचा आकडा आणि तुमचा आकडा जुळत नसेल तर आधी विचारा की त्यांचं युनिट वजनावर आहे की व्हॉल्यूमवर.

तीन रीडिंगमधला फरक इथं एक पीपीएम आहे, चांगलं आहे. पण तिसरं रीडिंग समजा ११२ आलं असतं तर ते नुसतं खोडून चौथं घ्यायचं नाही. का आलं ते शोधा, कारण लिहा, आणि तुमच्या एसओपीप्रमाणे परत करा. रद्द केलेलं रीडिंग पण कागदावर राहिलं पाहिजे.

## पायरी ९: रिपोर्ट

रिझल्टची एक ओळ लिहून सही ठोकली की तो रिपोर्ट कुणालाच वापरता येत नाही, विशेषतः वाद झाला तर. वर्कशीट आणि रिपोर्ट मिळून एवढं पाहिजे:

- मटेरियल, बॅच किंवा ड्रम नंबर, सँपल कुठून काढलं (वर की तळ) आणि किती वाजता
- पद्धत: कुलोमेट्रिक केएफ, डायफ्रामसह की विना, आणि तुमची पद्धत कशावर आधारलेली आहे, उदाहरणार्थ आयएस २३६२ किंवा एएसटीएम ई १०६४
- अ‍ॅनोलाइट-कॅथोलाइटचा लॉट आणि उघडल्याची तारीख
- स्टँडर्डचा लॉट, सर्टिफिकेटचा आकडा, रिकव्हरी
- सुरुवातीचा आणि शेवटचा ड्रिफ्ट, लॅबचं तापमान आणि ह्युमिडिटी
- प्रत्येक रीडिंगची दोन्ही वजनं, एकूण मायक्रोग्रॅम, वेळ, पीपीएम
- सरासरी, लिमिट, पास की फेल, करणारा आणि तपासणारा यांच्या सह्या

ह्युमिडिटी लिहायला लोक कंटाळा करतात. पण ऑगस्टमधला रिपोर्ट फेब्रुवारीत ऑडिटरसमोर उघडला जातो तेव्हा तोच एक आकडा सांगतो की त्या दिवशी ड्रिफ्ट ९ का होता.

सरासरी गोल करून ९४ पीपीएम लिहा, ९३.९६ नाही. या पद्धतीत दशांशाची दोन घरं खरी नसतात, आणि ती लिहिली की समोरच्याला खोटी खात्री वाटते.

आता आपल्या केसचं. ९४, लिमिट १००, पास. पण सप्लायरचा ६० आणि आपला ९४ यात ३४ पीपीएमचा फरक उरतोच, आणि तो आता इंजेक्शनच्या चुकीनं समजावता येत नाही कारण स्टँडर्ड बसला, ड्रिफ्ट परत जागेवर आला, आणि दोन वजनांचा चेक पण सुधारणेनंतर परत केला तर जुळतो. मग प्रश्न मटेरियलकडं वळतो. ड्रम कोगनोळीकडून हायवेनं पावसात आला, गोडाऊनबाहेर उभा राहिला, बुचाचं गॅस्केट कसं होतं, वरचं आणि तळाचं सँपल वेगवेगळं लावलं का? तळाचं जास्त आलं तर ड्रममध्ये सुटं पाणी आहे आणि ९४ हा आकडा त्या पूर्ण ड्रमचा नाही, तेव्हा पास लिहायच्या आधी ड्रम होल्ड करून तळाचा रिझल्ट घ्या. दोन्ही सारखं आलं तर रिटेन सँपलची बाटली सील करून सप्लायरला पाठवा आणि सोबत वरची सगळी वर्कशीट जोडा, दोन्ही वजनं आणि ड्रिफ्टसकट, म्हणजे त्यांच्या केमिस्टला तुमचा हिशोब पहिल्या ओळीपासून परत करून बघता येईल.